तिच्या पत्त्यावर गेलेला मेल

कारंज्याला मी आणि माझी मैत्रीण मिळून गोधड्या विकायचो. कापड तिच्या अब्बांच्या दुकानातलं, शिवण दोघींची, आणि वेबसाइट तिने बनवलेली. लग्न होऊन ती हैदराबादला गेली, तेव्हा गोधड्यांचं काम, वेबसाइट सगळं माझ्याकडे आलं. वेबसाइटच्या नावाच्या, म्हणजे डोमेनच्या, नोंदीत मालक म्हणून तिचंच नाव आणि तिचाच ईमेल होता. तो बदलावा असं कधी वाटलं नाही.

गेल्या वर्षी मी डोमेन नोंदणी करणाऱ्या एका कंपनीकडून दुसरीकडे हलवलं. नोंद जशीच्या तशी गेली. काही आठवड्यांनी एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "ताई, तुमची साइट बंद आहे का?" उघडून बघितलं, तर गोधड्यांच्या जागी एक कोरं पान होतं. मालकाच्या ईमेलची पडताळणी झाली नाही म्हणून डोमेन थांबवलंय, असं त्यावर लिहिलेलं. ऑर्डरचे मेलही येईनासे झाले होते.

मी कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाकून खात्यात शिरले. तिथेही तीच सूचना होती. पंधरा दिवसांची मुदत उलटून गेली होती. पडताळणीचा मेल परत पाठवायचं बटण होतं, आणि पत्ता बदलायचीही सोय होती. माझा ईमेल टाकला असता तरी काम झालं असतं. पण मी तिला फोन लावला. खूप महिने आम्ही बोललो नव्हतो.

"अगं, तुले कंपनीचा मेल आला व्हता काय?"

"आला व्हता ना. लिंक दाबा, नाही तं डोमेन बंद करू म्हने. मले वाटलं, फसवून राह्यले. अन् त्या कंपनीचं नावच मी कदी आयकलं नव्हतं."

"मीच हलवलं तिकडं. तुले सांगायचं राह्यलं."

मी बटण दाबलं. तिला नवा मेल गेला. पाठवणाऱ्याचा पत्ता तिने मला मोठ्याने वाचून दाखवला, तो कंपनीचाच होता. लिंक उघडली तेव्हा पासवर्ड मागितला नाही की पैसे. फक्त 'पडताळणी झाली' एवढंच आलं.

"झालं बाप्पा," ती म्हणाली. काम झालं होतं, तरी फोन कोणीच ठेवला नाही. मागून तिच्या लेकीचा आवाज येत होता. लेक तेलुगूत काहीतरी मागत होती.

"मायं नाव काढून टाक आता," ती म्हणाली. "मी इथून काय पाहनार? पुढच्या खेपेले मेल तुलेच येऊ दे."

"राहू दे ना."

"येडी हायस काय? पुन्ना बंद पडन."

संध्याकाळपर्यंत साइट सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मी नोंदीत माझं नाव आणि ईमेल टाकला. बदल मान्य आहे का, असं विचारणारा मेल तिलाही गेला आणि मलाही. तिने लगेच होकार दिला. माझ्या पडताळणीची लिंकही मी तिथल्या तिथे उघडली.

आता कंपनीचं सगळं माझ्याकडेच येतं. काही बंद पडत नाही. तिला फोन करायला कामही उरलं नाही. कधी कापड निवडताना तिचा नंबर काढते, आणि काय बोलावं ते ठरत नाही.