डोंगर बरा की समुद्र, आणि मध्ये माझी कॉफी

हॉटेल चालवणाऱ्याच्या कानात काय काय साठतं, विचारू नका. फिल्टरमधला चोथा तरी सकाळी झटकून टाकता येतो. लोकांचं बोलणं झटकता येत नाही. मी कान देत नाही हो! पण माझा बाकडा आणि माझा स्टोव्ह यांच्यात अंतर किती? हात लांब केला की गिऱ्हाईक.

म्हैसूरच्या हेब्बाळला कॉम्प्युटरवाल्या मोठ्या कंपनीसमोर माझं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडे आणि माझी बायको सावित्री. आमची माणसं राजाच्या फौजेतून इकडं आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि शिव्या दोन्हीत. मी चौथीत शाळा सोडली, म्हणून शुद्ध-अशुद्ध बघायचं असेल तर हा कागद आत्ताच खाली ठेवा.

बोलायचंय ते गिरीश आणि तन्वीबद्दल. दोघं त्याच कंपनीत. रोज चारला कॉफीला येत आणि भांडत. भांडण तरी कशावरून? मांजर बरं की कुत्रं! डोंगर बरा की समुद्र! एवढं शिकून हेच करायचं होतं तर माझ्यासारखं चौथीत सुटायचं!

* * *

गिरीश म्हैसूरचाच, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातला. तन्वी रत्नागिरीची, नवीनच आलेली. पहिल्या दिवशी तिनं माझ्या समोर उभं राहून सांगितलं, "काका, एक चहा."

मी म्हटलं, "चहा नाही."

"का नाही?"

"कारण ही कॉफीची जागा आहे."

मागं हा गिरीश उभा. ओळख ना पाळख, मध्येच म्हणाला, "अय्यो, म्हैसूरला येऊन चहा? समुद्राच्या काठी जाऊन नळाचं पाणी मागतात काय?"

ती वळली. "कॉफी म्हणजे जळकं पाणी. चहाला निदान वास असतो."

"वास कॉफीला असतोय. चहाला असते ती सवय!"

मग गिरीश मला म्हणाला, "काका, बाय टू." आमच्याकडं एक कॉफी दोन ग्लासांत अर्धी अर्धी देतात, त्याला बाय टू म्हणतात. तिला ते माहीत नव्हतं. म्हणाली, "एका कॉफीत दोघं? इतकी काय टंचाई आहे?"

"टंचाई नव्हे. अर्धी लवकर संपते. मग परत अर्धी सांगायची, परत थांबायचं."

ती हसली नाही, पण प्यायली. ग्लास ठेवताना म्हणाली, "जळकंच आहे." आणि परत अर्धी सांगितली.

दुसऱ्या दिवशी बघतो तर सावित्रीनं चहाची पावडर आणून ठेवलेली! मी म्हटलं, "कुणाला विचारून?" तर म्हणाली, "भांडायला दोन्ही बाजू लागतात."

* * *

माझ्या बाकड्याखाली एक तांबडं कुत्रं झोपतं. त्यावरून एकदा जुंपली.

गिरीश म्हणाला, "कुत्रं बेस्ट. हाक मारली की येतंय, शेपूट हलवतंय. मनात एक आणि तोंडावर एक, असलं काही नाही."

तन्वी म्हणाली, "म्हणूनच मला मांजर आवडतं. आमची मनी हाक मारून येत नाही. तिला वाटेल तेव्हा येते. पण आली आणि मांडीवर बसली की समजायचं, तिनं स्वतः ठरवलंय."

"म्हणजे हाक मारल्यावर येणाऱ्याला किंमत नाही?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंस."

आता मी चौथी शिकलेला माणूस, पण मला कळलं की इथं ना कुत्र्याचं चाललंय ना मांजराचं!  ती ग्लासातला फेस बघत बसली. कुत्रं मात्र आरामात घोरत होतं.

दुसऱ्या दिवशी ती बिस्किटाचा पुडा घेऊन आली आणि खाली वाकून त्याला एकेक बिस्किट घालू लागली.

गिरीश म्हणाला, "माझ्या पक्षाला लाच देतेस?"

ती म्हणाली, "तुझा पक्ष खातोय, तू बघ नुसता!"

* * *

मध्ये एक अभिजित म्हणून यायचा. पुण्याचा, शर्टाची इस्त्री मोडायची नाही असा. त्यालाही वाटलं, आपणही या वादात बसावं. तेव्हा चालला होता डोंगर की समुद्र.

तन्वी सांगत होती, "समुद्र रोज वेगळा दिसतो. डोंगर काय, काल तोच, आज तोच."

गिरीश दर रविवारी चामुंडी बेट्टावर पायऱ्या चढून जाणारा. बेट्ट म्हणजे डोंगरच. तो म्हणाला, "डोंगर तोच असतोय, चढणारा वेगळा असतोय. एखाद्या दिवशी उड्या मारत जातो, एखाद्या दिवशी अर्ध्या वाटेवरच्या नंदीपर्यंतच दम निघतो. डोंगर काही विचारत नाही."

"आणि समुद्र विचारतो?"

"समुद्र ओढतो! मला ओढलेलं आवडत नाही."

"भित्रा!"

एवढ्यात अभिजितनं फोन काढला. "उगाच वाद कशाला? बघू या ना." आणि वाचायला लागला. कुठल्या हवेत झोप चांगली, कुठं छाती साफ होते, कुठं लोक जास्त जगतात. सगळं दाखवलं, सगळं पटवलं. डोंगर जिंकला.

तन्वी म्हणाली, "हो, बरोबर आहे तुमचं." आणि घड्याळ बघून उठली.

तुमचं! गिरीशला ती रोज सांगायची, "तुझं एकही धड नाही," आणि दुसरी अर्धी मागवायची. याला म्हणाली बरोबर, आणि पहिली अर्धीसुद्धा टाकून गेली.

तेव्हापासून अभिजित पलीकडच्या बाकड्यावर एकटाच बरोबर बसतो.

* * *

मला कुतूहल वाटायला लागलं, काय सांगू! म्हटलं, ह्यात आहे तरी काय? घरी करून बघू या. सकाळच्या इडलीसाठी उडीद वाटत बसलेल्या सावित्रीला विचारलं, "काय गं, तुला डोंगर आवडतो की समुद्र?"

"नारळ खोवला का?"

"आधी सांग."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मला ताप आलाय. मग म्हणाली, "समुद्र."

"कधी बघितलास तू?"

"नाही बघितला. म्हणून तर!"

नारळ त्या दिवशी मी खोवला.

* * *

ह्या खेळाला नियम असतात, हे मला हळूहळू कळलं. कुणी लिहून ठेवलेले नाहीत. पण मोडले की लगेच दिसतं.

आमच्याकडं चौ चौ भात मागतात. एकाच ताटलीत एका बाजूला तिखट उपीट, दुसऱ्या बाजूला गोड शिरा. एकदा दोघं एकच ताटली घेऊन बसले होते. आधी गोड की आधी तिखट, हा वाद. त्यांच्या टीममधला कुणीतरी वाचाळ येऊन म्हणाला, "असं एका ताटलीत जेवायची प्रॅक्टिस चाललीय काय? लग्नानंतर कुठं राहणार, डोंगरात की समुद्रात?" आणि स्वतःच खो खो हसला.

बाकडा गार पडला. तन्वीचा चमचा तिथंच थांबला. मला वाटलं, आता उठणार.

गिरीशनं त्या वाचाळाकडं बघितलंसुद्धा नाही. तिला म्हणाला, "ते राहू दे. चटणीचं सांग. लाल की हिरवी?"

तिनं श्वास सोडला. "लाल. हिरवी आजारी माणसानं खायची!"

"मी हिरवी खातो."

"दिसतंच आहे."

गाडी रुळावर! मी मुद्दाम दोन्ही चटण्या वाढल्या.

त्याच आठवड्यात गिरीशनं नियम मोडला. बहुतेक तिला बरं वाटावं म्हणून. ती म्हणाली, "सकाळ बरी, रात्र नको." हा रात्री जागणारा प्राणी, पण म्हणाला, "हो, बरोबर, सकाळच बरी."

ती भडकली! "मुद्दाम हरू नकोस हं. तू हरलास तर उद्या काय बोलायचं आपण?"

* * *

आणि मग चेन्नई आलं.

कंपनीनं तन्वीला तिकडं मोठं काम देऊ केलं. शुक्रवारी हो किंवा नाही सांगायचं. चेन्नई म्हणजे समुद्र! तिची तर बाजूच ती. पण तिनं वाद घातलाच नाही. दोन दिवस दोघं नुसतं कॉफी पीत बसले. इतकी शांतता माझ्या हॉटेलात मला सोसवत नव्हती. मी उगाच भांडी आपटली.

बुधवारी गिरीश एकटाच आला. "काका, तिला थांब म्हणू का?"

"मला काय विचारतोस? मला इडली विचार."

"आजवर तिला जे काय बोललो, सगळं मस्करीत बोललो. आता एक खरं बोललो तर तेही तिला मस्करीच वाटेल. आणि खरं वाटलं, आणि ती थांबली, तर?"

"तर काय?"

"तर उद्या ती समुद्राकडं तोंड करून बसेल आणि मी मध्ये उभा."

मी म्हटलं, "कॉफी पी." दुसरं काय म्हणणार?

गुरुवारी दोघं आले. बसल्या बसल्या गिरीशनंच सुरुवात केली. "समुद्र बरा."

तन्वी दचकली. "काय?"

"समुद्र बरा म्हणतो. मोठा असतो. रोज वेगळा असतो. सकाळी उठून बघायला जायचं, भाजलेला मका खायचा. मस्त!"

"तू समुद्राच्या बाजूनं का बोलतोस?"

"पटलं म्हणून."

"खोटं! तुझी बाजू डोंगराची. डोंगराचं कोण बोलणार मग?"

"डोंगराचं काय बोलायचं? तो कुठं पळून जातोय? जागेवरच असतोय. माणूस कधीही परत आलं तरी दिसतोच."

स्टोव्हवर दूध वर येत होतं. सावित्रीनं धावत येऊन ते उतरवलं, पण मला बोलली नाही. तीसुद्धा ऐकत होती.

तन्वीनं ग्लास खाली ठेवला. डोळे भरले होते की धूर गेला होता, मी विचारायला गेलो नाही. मग एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हेच मला डोंगराचं आवडत नाही! जागेवर बसून राहायचं आणि वर मोठेपणा! उठून यायला काय होतं त्याला?"

गिरीशनं मान वर केली.

"तुला पोहता येतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"सुम्ने, नुसता पाण्यात उभा राहतो."

"छान!" ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि फोन कानाला लावत रस्ता ओलांडून कंपनीच्या गेटकडं गेली. मॅनेजरला होच म्हणाली. तिच्याबरोबरच्या मुलींनी दुसऱ्या दिवशी पेढे खाता खाता सांगितलं.

गिरीश शुक्रवारी आलाच नाही. मी म्हटलं, संपलं! सावित्री म्हणाली, "तुम्ही गप बसा."

सोमवारी सकाळी मी नुकतं फळीवरचं कुलूप काढत होतो. इडलीचं पात्रसुद्धा चढवलं नव्हतं. समोर गिरीश. अंगात टी-शर्ट, खांद्यावर टॉवेल.

"कॉफी अजून नाही," मी म्हटलं.

"कॉफी नको काका," तो म्हणाला. "इथं मोठ्या माणसांना पोहायला कुठं शिकवतात?"