स्वयंपाकघर कोणाचं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत ऍडमिन क्लार्क होतो. आमच्या कामगारांचा राहण्याचा कॅम्प अल क्वोज या औद्योगिक भागात होता. इमारत एका अरबी मालकाची, त्यातल्या काही खोल्या आमच्या कंपनीने भाड्याने घेतलेल्या. शुक्रवारी मी तिथे जेवायला जायचो. आमच्या कोकणातल्या आठ गवंड्यांची मेस होती आणि त्यांचे म्होरके होते गुहागरकडचे एक काका. वय पन्नाशीच्या पुढे, बोलणं कमी, मासे उत्तम.

एका शुक्रवारी त्यांनी मला जेवायला बसूच दिलं नाही. "आधी हे बघ," म्हणाले आणि हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेले. तीन मजली इमारत, प्रत्येक मजल्याला एकच लांबलचक स्वयंपाकघर, दोन्ही भिंतींना शेगड्यांची रांग, त्यात आमच्यासकट तीन कंपन्यांची माणसं रांधणारी. काकांनी शेगडीचा पत्रा उचलला. खालून बारीक, तपकिरी झुरळांचा लोंढा भिंतीकडे पळाला. फ्रिजच्या दाराच्या रबरात, मिठाच्या डब्याच्या झाकणाखाली, सगळीकडे तीच. पिठाच्या गोणीचा एक कोपरा उंदराने कुरतडला होता.

"तीन महिने कॅम्पच्या सुपरवायझरला सांगतोय," काका म्हणाले. "तो म्हणतो, इन्शाल्ला. तू ऑफिसात आहेस. औषध कोणी मारायचं, पैसे कोणी द्यायचे, एवढं विचारून सांग."

शनिवारी मी आमच्या ऍडमिन मॅनेजरला सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरवरून नजर न हलवता म्हटलं, "मालकाच्या ऑफिसला फोन कर." मी केला. तिकडचा माणूस म्हणाला, "हबीबी, खाना तुम्हारा, कॉक्रोच भी तुम्हारा. टेनंट का काम है." आणि फोन ठेवला. मी मॅनेजरना तसंच सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि मला एक सर्क्युलर टाइप करायला सांगितलं: पेस्ट कंट्रोलसाठी प्रत्येक कामगाराने दहा दिरहॅम द्यावेत, नाहीतर पगारातून कापले जातील.

मी ते टाइप केलं. माझं टायपिंग चांगलं होतं, एकही चूक झाली नाही. संध्याकाळी कॅम्पच्या बोर्डावर मीच ते लावलं. काकांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांनी मलाच वाचून दाखवायला सांगितलं. मागे वीस-पंचवीस माणसं उभी होती. दहा दिरहॅम, म्हणजे शंभरावर रुपये, असं कोणीतरी मोठ्याने म्हणालं.

काकांनी कागदावर बोट ठेवलं. मग शांतपणे विचारलं, "इथल्या आमच्या खोल्या भाड्याने कोणी घेतल्यात? आम्ही, की कंपनीने?"

"कंपनीने, काका."

"करारावर सही कोणाची?"

"कंपनीची."

"मग भाडेकरू कंपनी. आमच्याकडून कसले पैसे? आणि करारात काय लिहिलंय ते तू वाचलंस का?"

मी वाचलं नव्हतं. फाइल माझ्याच कपाटात होती, किल्ली माझ्याच खिशात. मला स्वतःचा जो राग आला, तो आजही आठवला की कानशिलं तापतात.

रविवारी सकाळी ऑफिस उघडताच मी फाइल काढली. एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, शेवटी टाइप केलेल्या जादा अटी. सहावी अट स्वच्छ होती: खोल्यांमधली साफसफाई आणि कीटकनाशक फवारणी भाडेकरूने करायची, सामाईक स्वयंपाकघरं, संडास-बाथरूम आणि गटारं यांची मालकाने, स्वतःच्या खर्चाने, महापालिकेची मान्यता असलेल्या कंपनीकडून.

झेरॉक्स घेऊन मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मालूम है," ते म्हणाले. "साइन मैंने ही किया था."

"मग सर, कामगारांकडून का?"

"पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे. भाडं वाढवू नको म्हणून मी मालकाच्या मागे लागलोय. झुरळांवरून त्याला कशाला दुखवू? दहा दिरहॅमने कोण मरतो?"

मी आयुष्यात वरिष्ठांशी आवाज चढवून बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. म्हटलं, "सर, भाडं कंपनी वाचवणार आणि औषधाचे पैसे पीठ मळणाऱ्याने द्यायचे? बोर्डावरचा कागद मी काढतोय. माणसं महापालिकेत तक्रार करायचं म्हणताहेत. इन्स्पेक्टर आला तर तो दोघांनाही विचारेल, मालकाला आणि आपल्याला."

माणसं तसं काही म्हणाली नव्हती. ते मीच म्हणत होतो.

मॅनेजरनी मला दार लावायला सांगितलं. मग पाच मिनिटं मी किती कृतघ्न आहे, मला व्हिसा कोणी दिला, हे ऐकवलं. शेवटी म्हणाले, "लेटर बना." मी सहावी अट जशीच्या तशी उतरवून मालकाच्या ऑफिसला पत्र लिहिलं, त्यांनी सही केली आणि फॅक्स मी स्वतः केला.

तीन दिवसांनी मालकाने एक माणूस पाठवला. खांद्यावर पंप, हातात बिनलेबलाची बाटली. संध्याकाळी, सगळे साइटवरून परतलेले आणि शेगडीवर डाळ शिजत असताना तो आत शिरायला निघाला. काका दारात आडवे उभे राहिले.

"कार्ड दाखव. कुठल्या कंपनीचा?"

"यल्ला, चाचा, दस मिनट का काम है."

"औषधाचं नाव सांग. भांडी उघडी आहेत, आम्ही यातच जेवतो."

त्याच्याकडे ना कार्ड होतं ना नाव. तिन्ही कंपन्यांची माणसं बाहेर येऊन काकांच्या मागे उभी राहिली. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात लावला नाही. तो माणूस पंप घेऊन परत गेला. काकांनी मला फोन केला. मी दुसरं पत्र लिहिलं, त्यात मान्यता असलेल्या कंपनीच्या शब्दांखाली रेघ मारली आणि सहीसाठी मॅनेजरसमोर ठेवलं. त्यांनी ती माझ्याकडे न बघता केली.

पुढच्या शुक्रवारी खरी माणसं आली. आदल्या दिवशीच यादी दिली होती: धान्य, भांडी, सगळं बाहेर, सिलिंडर बंद. त्यांनी फटींमध्ये, गटाराच्या जाळीत फवारलं, फ्रिजच्या मागे आणि बिजागऱ्यांत जेलचे ठिपके लावले, उंदरांसाठी बंद पेट्या ठेवल्या. चार तास दार बंद. नंतर ओटे धुवा, पण जेलला हात लावू नका, म्हणाले. अंडी औषधाने मरत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा येणार होते, आणि आलेही. एकाच मजल्यावर मारून उपयोग नाही, गटार एकच आहे, असं त्यांनीच मालकाला सांगितल्यामुळे तिन्ही मजले झाले. बिल मालकाला गेलं.

रिन्यूअल झालं. भाडं थोडं वाढलं, आणि ते माझ्यामुळे वाढलं असं मॅनेजर सगळ्यांना सांगत राहिले. महिन्याभरात माझी बदली शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या गोदामात झाली. पत्र्याखाली बसून सिमेंटच्या गोण्या मोजायच्या. निरोप देताना मॅनेजर म्हणाले, "नथिंग पर्सनल." मी मान डोलावली आणि थँक यू म्हटलं.

काकांना हे कळल्यावर ते माझ्यावरच चिडले. "थँक यू कशाला म्हणालास?" मी म्हटलं, सवयीने. त्यांनी माझ्या ताटात सुरमईची आणखी एक तुकडी वाढली आणि ते उठून गेले.