कापशीचा ताप

दसऱ्याच्या सकाळी खुशालरावांच्या अंगणात औजारांची पूजा मांडली होती. वखर, डवरा, विळे, कुऱ्हाड, सगळं धुऊन-पुसून रांगेत ठेवलेलं. सून कौशल्यानं हळूच आपला थर्मामीटर आणून विळ्याशेजारी ठेवला. खुशालरावांनी तो दोन बोटांनी उचलला, जणू मेलेला उंदीरच, आणि बाजूच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

"काय वं बाई, जे जनावराच्या ढुंगणात जाते ते देवापुढं ठेवतं का?"

सगळं घर हसलं. तिचा नवरा गोपालही हसला, शेजारच्या जमुनाकाकू तर पदर तोंडाला लावून हसल्या. थर्मामीटर पुसून कौशल्यानं आपल्या पिशवीत टाकला. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या तिच्या, आणि का होऊ नयेत? भातकुलीजवळच्या या गावात तीच एक पशुसखी. प्रशिक्षण घेऊन आली, जनावराचा ताप मोजायला शिकली, श्वास मोजायला शिकली, जखम धुवायला शिकली. औषध टोचायचं काम डॉक्टरांचं, हे पण ती पक्कं शिकून आली. लोकांच्या बकऱ्या तिच्या भरवशावर होत्या. घरच्या गोठ्यात मात्र तिला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं.

घरच्या गोठ्यात राज्य खुशालरावांचं. आणि राज्याची राजकन्या कापशी. दोन महिन्यांची कालवड, गवळाऊ जातीची, पांढरीशुभ्र, बोंड फुटल्यासारखी. म्हणून तर कापशी. खुशालरावांच्या वडिलांनी कधीकाळी एक गवळाऊ गाय आणली होती, तिची पोर, पोरीची पोर असं करत ही ओळ कापशीच्या आईपर्यंत, मथुरापर्यंत आली. मथुरा आता म्हातारी झाली होती. हे तिचं शेवटचं वेत, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मधल्या वेतांना सगळे गोऱ्हेच झालेले. म्हणजे कापशी गेली की ओळ संपली. खुशालराव बाजारात कोणी भेटलं की सोयाबीनचा भाव नंतर विचारत, आधी कापशीचं सांगत.

वसुबारस आली. ऑक्टोबरचे ते दिवस तुम्हाला माहीतच आहेत, दुपारी चटका आणि पहाटे अंगावर काटा. थंडी लागू नये म्हणून खुशालरावांनी गोठ्याच्या तिन्ही बाजूंनी पोती बांधून टाकली होती. आत हवा खेळायला जागा नाही, मुताचा वास डोळ्यांत झोंबायचा, आणि शेजारच्या खळ्यावर सोयाबीन काढून राहिले होते त्याचा भुसा उडून आत साचायचा. कौशल्यानं दोनदा म्हणून पाहिलं, "मामाजी, एक बाजू तरी खुली ठेवा." मामाजी म्हणाले, "तुले थंडी वाजली तं स्वेटर घालतं ना? तिले कोण घालन?"

या घरात वसुबारसेची एक रीत होती. त्या दिवशी गाय पिळायची नाही. सगळं दूध वासराचं. वासराला दावं नाही, दटावणं नाही, काठी तर दूरच. सकाळीच कापशीला सोडलं आणि ती आईला जाऊन लुचली. खुशालराव कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. तोंडभर हसू.

"पाहा, कशी ओढून राहिली! ठणठणीत हाय पोरगी."

कौशल्याही हसणारच होती. पण कापशी मधेच थांबली. सड सोडला, मान जराशी पुढे काढली, दम घेतला आणि पुन्हा लागली. पुन्हा थांबली. एक कान खाली पडलेला. नाकपुडीशी पाणी. मग एक बारीकसा खोकला, कोरडा. सकाळचा गारवा अजून होता, ऊन अंगणातसुद्धा उतरलं नव्हतं, मग हिला दम कशाचा?

तिनं वासरू पिऊन होऊ दिलं. लगेच मोजलं तर धडपडीचा दम मोजल्यासारखं होईल, हे तिला ठाऊक होतं. कापशी गोठ्याबाहेर जाऊन बसली तशी कौशल्या थोडी लांब उकिडवी बसली, हात न लावता, आणि बरगडीमागची खोलगट कूस वर-खाली होताना मोजू लागली. पूर्ण मिनिट. अडुसष्ट.

बसलेलं, निवांत वासरू मिनिटाला वीस ते चाळीस श्वास घेतं. अडुसष्ट म्हणजे काही खरं नाही. मग शेपटी उचलून थर्मामीटर लावला, आतल्या भिंतीला टेकवून धरला. टीं टीं वाजलं. एकशे पाच.

"मामाजी, कापशीले निमोनिया होऊन राहिला. डॉक्टरले आत्ताच बोलवा लागते."

"येडी झाली का? आत्ता माह्या डोळ्यांदेखत दूध पेली ते!"

"दूध पेते म्हणूनच आत्ता बोलवा म्हणते. ताप आधी येते, खाणं-पेणं मागून सुटते. दूध सोडायची वाट पाहू का आपण?"

"ऊन लागलं असन."

"कोणतं ऊन? अजून उगवलं नाही धड."

"मग तुह्या त्या बॅटरीच्या खेळण्यात बिघाड असन!"

इथं मात्र कौशल्याचं डोकं फिरलं. पण तिनं आवाज चढवला नाही, थर्मामीटर धुतला, पुसला, आणि शेजारी बसलेल्या संकरित गाईच्या गोऱ्ह्याला लावला. त्याच वयाचा, त्याच अंगणात, त्याच हवेत. एकशे दोन, निरोगी वासराचा असतो तेवढाच. खुशालरावांपुढे धरला. म्हणाली, "तुमचे डोळे चांगले आहेत ना? आता तुमी मोजा. मी नाही मोजत. आधी याची कूस, मग तिची. घड्याळ मी पाहते."

म्हातारा गुरगुरत बसला. गोऱ्ह्याचे मोजले, चौतीस. मग कापशीचे मोजायला लागला. साठ झाले तरी घड्याळात मिनिट बाकीच होतं. त्यानं तोंडानं मोजणं बंद केलं.

थोड्या वेळानं उठला आणि ओवा, हळद, गुळाचा काढा करून बांबूची नाळ घेऊन आला. कौशल्या आडवीच आली.

"नाही मामाजी! दम लागलेल्या जनावराले नाळीनं पाजलं तं काढा फुफ्फुसात जाते. मग डॉक्टरही काही करू शकत नाही."

"अवं, पण आज वसुबारस हाय! आज वासराले हात उगारत नाही आपण, अन् तू सुई टोचतं म्हणतं? संध्याकाळी पूजा होऊ दे. मग आण कोणाले आणतं ते."

जमुनाकाकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "खरंच आहे. आंघोळ घालू तिले, झूल टाकू, हुशारी येईन."

"काकू, तापल्या पोराले कोणी थंड पाण्यानं धुते का? हात लावू नका तिले." आणि मग ती सासऱ्याकडे वळली. "संध्याकाळपर्यंत ही तोंड उघडून दम घ्यायले लागली तं? फुफ्फुस एकदा का घट्ट झालं तं सुई कितीही टोचा, ते पहिल्यासारखं होत नाही. आज दिवा कोणासाठी लावता तुमी? हिच्यासाठीच ना? पाप लागलं तं माह्या माथी लागू द्या."

आणि तिनं सरळ फोन लावला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर दामिनीबाईंना तिनं रडगाणं नाही सांगितलं. सांगितलं ते एवढंच: "अडीच महिन्यांची कालवड, ताप एकशे पाच, बसलेली असताना श्वास अडुसष्ट, कोरडा खोकला, एक कान पडलेला, दूध अजून पेते." पलीकडून एकच शब्द आला, "निघाले."

फोन ठेवून पाहते तर खुशालराव जागेवर नाहीत. रुसले, असं वाटलं तिला. तेवढ्यात गोठ्यातून फर्रर आवाज आला. म्हातारा विळ्यानं पोती कापत होता. एक बाजू, दुसरी बाजू. आतली कोंडलेली हवा बाहेर पडली तसा तो स्वतःच खोकला, डोळे पुसले आणि म्हणाला, "लय घाण वास होता बापा. आपल्याले कसा नाही आला?" मग त्यानं कोरडं कुटार, भुसकट, आणून कापशीखाली पसरलं.

डॉक्टर आल्या. छातीला नळी लावून दोन्ही बाजूंनी ऐकलं, पुढच्या पायामागे, खालच्या अंगाला जास्त वेळ. "सुरुवात आहे. उजवीकडे खरखर आहे, पण हवा जाते अजून." इंजेक्शनं भरली. वासरू कोण धरणार, असं त्यांनी विचारायच्या आत खुशालराव गुडघ्यावर बसले. वसुबारसेच्या दिवशी, स्वतःच्या हातांनी, कापशीची मान छातीशी धरून. सुई गेली तेव्हा डोळे त्यांनीच मिटले.

"संध्याकाळी बोलावलं असतं तर?" गोपालनं विचारलं.

"तर मी भरवसा दिला नसता," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ऐका, उद्या ताप उतरला म्हणून औषध बंद करायचं नाही. पूर्ण करायचं."

त्या संध्याकाळी पूजा झाली. झूल नाही, आंघोळ नाही, नुसतं कुंकवाचं बोट आणि दुरून दिवा. रात्री ताप किंचित उतरला, दुसऱ्या दिवशी एकशे तीनवर आला, आणि कापशी गोऱ्ह्याला ढुशी द्यायला लागली. "झाली बरी, आता कायले टोचता," जमुनाकाकू पुन्हा आलेल्या डॉक्टरांना म्हणाल्या. त्यांना उत्तर खुशालरावांनीच दिलं, "पूर्ण करा लागते. तुमाले नाही समजत." कौशल्यानं तोंड वळवून हसू दाबलं. सगळी इंजेक्शनं झाली तेव्हा थर्मामीटर एकशे दोनवर होता आणि कूस मिनिटाला तीस-बत्तीस वेळाच हलत होती.

पुढचा दसरा आला. कापशी आता अंगानं भरली होती, कुंपणावरून मान काढून जमुनाकाकूंची तूर खायची. अंगणात औजारं मांडली, वखर, डवरा, विळे. कौशल्या हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली आणि थबकली. सगळ्यात पुढे, विळ्याच्याही पुढे, स्वच्छ फडक्यावर तिचा थर्मामीटर ठेवलेला. त्यावर झेंडूचं फूल. ठेवणारा म्हातारा बाजूला उभा, टोपी नीट करत.

जमुनाकाकू काय गप्प बसतात! "अहो खुशालराव, जे जनावराच्या ढुंगणात जाते ते देवापुढं? तुमीच म्हणलं होतं ना?"

"म्हणलं होतं," खुशालराव म्हणाले. "तवा अक्कल नव्हती. तिथं गेलं म्हणूनच माह्या बापाची गाय आज दावणीले हाय."

मग त्यांनी कौशल्याच्या हातातलं ताट घेतलं नाही. नुसती बोटानं जागा दाखवली. म्हणाले, "पहिलं कुंकू तू लाव. औजार तुहं हाय."

कौशल्यानं कुंकू लावलं. थोडं फुलावर सांडलं, आणि मागून कापशी हंबरली.