भुवईवरची निळी रेघ

माझे बाबा कन्हानकडच्या कोळसा खाणीत होते. ड्युटीवरून आले की आई दारातच विचारायची, "आले का जी?" समोर उभ्या माणसाला हे काय विचारणं, म्हणून मी तिला चिडवायची.

ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. होतं ते खाणीचं ओळखपत्र. प्लॅस्टिकमध्ये बंद, बोटाच्या पेराएवढा चेहरा, त्यावर कपाळापर्यंत आलेला गोल शिक्का. फोटोला हार घालून वंदना म्हणायच्या त्या पुण्यानुमोदनाला चार दिवस उरले होते. मी कार्ड घेऊन इतवारी बाजारातला एक फोटो स्टुडिओ गाठला.

प्लॅस्टिक काढा, म्हटलं मी. म्हातारे फोटोग्राफर दचकलेच. "काढलं तं चेहराच निघून येईन बाई त्याच्यासंगं." त्यांनी कार्ड तसंच पाटीवर लावलं, चमक येऊ नये म्हणून दोन्ही दिवे बाजूंनी तिरपे केले आणि फोटोवरून फोटो काढला. मोठा केल्यावर जे फुटेल, पुसट होईल ते ब्रशनं सावरू, म्हणाले. "कोट-टाय घालून देऊ का? सगळे घेतात."

"द्या," मी ऐटीत म्हटलं, "आणि सगळे डाग काढा." मला माझ्या बाबांना साहेब करायचं होतं.

दोन दिवसांनी साहेब घरी आले. आईनं फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला.

"हे कोन होय वं?"

मी भडकले. मग तिच्या हातातला फोटो पुन्हा नीट पाहिला. फोटोत ओठ बाबांचे होते, कान बाबांचे होते, तरी बाबा नव्हते. आणि दुसरा चेहरा आता कुठून आणायचा?

आई म्हणाली, "भुवईवरची रेघ कुठी गेली?"

खाणीत दगड लागून झालेली जखम. आत कोळसा राहून निळी पडलेली. आम्ही दोघी इतवारीत गेलो. फोटोग्राफरनी कार्डावर भिंग धरलं. शिक्क्याची कड कुठली आणि जखम कुठली, त्यांना कळेना. शिक्का समजून त्यांनी दोन्ही पुसल्या होत्या.

"म्याच हळद भरली होती त्याच्यात," आई म्हणाली. तिनं डोळे मिटले आणि फोटोतल्या कपाळावर बोट फिरवलं. भुवईच्या मधून वर, मग थोडं कानाकडे. "इथं वाकते. इथं संपते."

म्हाताऱ्यानं तिच्या बोटामागून बारीक ब्रश नेला. कोट राहू दिला; त्याला आता इलाज नव्हता.

आईनं डोळे उघडले. त्या टाय लावलेल्या माणसाकडे पाहून, भरल्या स्टुडिओत, तिनं विचारलं, "आले का जी?"

या वेळी मी तिला चिडवलं नाही.