माकडं नक्कल करत नाहीत

जूनचा दुसरा शनिवार, लोणावळा. हजर: मेंदूवर संशोधन करणाऱ्या मॅडम, शिक्षकांना प्रशिक्षण देणारे सर आणि त्यांची पुस्तिका छापायला देणारी मी.

पुस्तिकेत सरांचं वाक्य होतं, "मेंदूतल्या आरसा-चेतापेशींमुळे माकडं नक्कल करतात आणि माणसाला दुसऱ्याचं दुःख कळतं."

मॅडम म्हणाल्या, "माकडाने शेंगदाणा उचलला किंवा दुसऱ्याला उचलताना पाहिलं, की तीच पेशी सक्रिय होते, एवढीच प्रयोगातली नोंद. पण प्रयोगातली ती माकडं नक्कल क्वचितच करतात."

"मग माकडचेष्टा?"

"तो मराठीचा शोध आहे, सर. माणसाच्या सहानुभूतीबद्दल तर अजून वादच चालू आहे."

"मॅडम, माझं अख्खं भाषण त्या वाक्यावर उभं आहे."

मी वाक्य खोडलं. कामशेतचा छापखाना सोमवारी मजकूर मागतोय, आणि त्या जागी काय लिहायचं ते दोघांनी ठरवलेलं नाही.