शंभरचा बल्ब का लागला नाही

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा चितेगावच्या एका कारखान्यात कामाला, आणि कामगारांची पत्रकं लिहिणं हे त्यांचं दुसरं काम. उरलेली पत्रकं घरभर असायची: फळ्यांवर, डब्यांखाली, माझ्या वह्यांच्या कव्हरांवर. त्यामुळे मला साधं बोलता येत नाही. दुसऱ्या वाक्यात 'मित्रांनो' येतं आणि चौथ्या वाक्यात कुणाचा तरी धिक्कार होतो. बाबांचा एक नियम मात्र मी मनापासून मानते. पत्रकात चूक छापली गेली, तर दुरुस्तीही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापायची. कोपऱ्यात बारीक नाही.

इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी गणिताच्या भीतीचा धिक्कार करायचं ठरवलं.

आमच्या कॉलेजात पद्धत आहे. पहिल्या वर्षाची दुसरी चाचणी जवळ आली की शेवटच्या वर्षाच्या कुणीतरी त्यांना तासभर 'सर्किट कसं समजून घ्यावं' हे सांगायचं. दरवर्षी कुणीतरी स्लाइड दाखवतं आणि समोरचे झोपतात. मी म्हटलं, यंदा झोपू देणार नाही. पिवळ्या कागदावर पत्रक काढलं: 'गणिताशिवाय सर्किट! भीती मोडा, बाकी आपोआप!' कॅन्टीनच्या दारावर लावलं, पार्किंगमध्ये लावलं. माझ्या लॅबमधल्या जोडीदाराने उत्साहाच्या भरात मुलांच्या स्वच्छतागृहातही लावलं, आणि सगळ्यात जास्त लोकांनी ते तिथंच वाचलं.

हा जोडीदार शहागंजचा. त्याच्या मामूंचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, त्यामुळे त्याचा पुस्तकापेक्षा हातावर विश्वास जास्त. मी प्रयोग ठरवला होता. दोन बल्ब एकामागे एक जोडायचे, म्हणजे सिरीजमध्ये. एक शंभर वॅटचा, एक पंधरा वॅटचा, जुन्या पद्धतीचे, आत तार तापून उजळणारे. शंभरचा म्हणजे मालक, पंधराचा म्हणजे कामगार. वाट एकच, पण मोठा सगळं खाणार आणि लहान अंधारात राहणार. मग मी टेबलावर हात आपटून म्हणणार, "मित्रांनो, हेच सर्किट आणि हाच समाज!"

"एकदा लावून बघू," जोडीदार म्हणाला. "देख, मैं बोल रहा हूं. लोकांसमोर पहिल्यांदा कुणी काही लावत नाही."

"सात सेमिस्टर काय केलं आपण? बल्ब कसा लागतो हे बघायचं राहिलंय का?"

"बल्ब का नहीं, तेरा टेन्शन है मुझे."

मी ऐकलं नाही. वाक्य इतकं झकास जमलं होतं की ते खरं असणारच, अशी माझी खात्री होती.

त्या दिवशी दोनच्या सुमारास आम्ही लॅबमध्ये वायरी लावत होतो, तेव्हा दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. पहिल्या वर्षाची. पाठीवर बॅग, हातात पारदर्शक फोल्डर.

"ताई, हे किती वाजता संपंल?"

"साडेतीन. का गं?"

"भाऊसाहेब जेवायला गेलेत. तीनला येतो म्हणलेत, पाचला खिडकी बंद. तवर कुठं बसावं म्हणून."

ऑफिसातल्या क्लार्कला आम्ही सगळेच भाऊसाहेब म्हणतो. मी तिच्या फोल्डरकडे पाहिलं. वरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'प्रवेश रद्द करणेबाबत.' खाली पालकांची सही होती.

"अगं, हे काय?"

"पहिल्या चाचणीत वीसपैकी तीन पडले. गणित दिसलं का मला काईच सुचत नाय." ती हे जेवणात मीठ कमी आहे अशा आवाजात सांगत होती. "रोज फुलंब्रीवरून एसटीनं यायचं अन् तीन घेऊन जायचं. बाबा म्हणले, जमत नसंल तर ये घरी."

माझ्या अंगात वीज संचारली. हिच्यासाठीच तर पत्रक काढलं होतं! मी म्हटलं, "तू पहिल्या रांगेत बस. माझं ऐकल्याशिवाय तो कागद द्यायचा नाही."

"बसते की. तिथं पंखा हाय का?"

तीस-पस्तीस पोरं जमली. लॅब असिस्टंट काकांनी बोर्डाला सप्लाय जोडून दिला, "मला विचारल्याशिवाय वायरीला हात लावला तर लॅब बंद," असं बजावलं आणि शेजारच्या स्टोअरमध्ये जाऊन बसले. मी सुरू झाले. गणित ही भिंत आहे म्हटलं. ही भिंत आपल्याला अडवण्यासाठी बांधलीय म्हटलं. सर्किट समजायला सूत्र लागत नाही, डोळे लागतात म्हटलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. पहिल्या रांगेतली ती मुलगी पंख्याकडे पाहत होती.

"आता बघा! शंभरचा मालक, पंधराचा कामगार. मोठा बल्ब सगळं खाऊन टाकेल!" मी जोडीदाराला खूण केली. त्याने स्विच दाबला.

पंधराचा बल्ब झकास लागला. शंभरचा ढिम्म.

कोपऱ्यातून आवाज आला, "मालक मेला की!" आणि लॅब खदखदून हसली.

"शांत राहा! बल्ब फ्यूज आहे," मी म्हणाले. "दुसरा आण रे."

जोडीदाराने स्विच बंद केला, काकांना साक्षीला बोलावून बल्ब काढला आणि त्यांच्यामागे स्टोअरमध्ये गेला. आमच्या स्टोअरचा नियम कडक. जळका बल्ब जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही, वर रजिस्टरला सही. मी तोवर भिंतीविरुद्ध बोलत राहिले. दोन मिनिटांनी तो परत आला, हातात तोच बल्ब.

"काकांनी लावून बघितला. एकदम चांगला आहे. चांगल्याच्या बदल्यात दुसरा मिळणार नाही म्हणाले. नियम आहे."

पुन्हा हशा. मी बल्ब परत लावायला सांगितला, होल्डर हलवायला सांगितला, स्विच दाबायला सांगितला. पंधराचा लखलखीत. शंभरचा ढिम्म. सात सेमिस्टर ओहमचा नियम लिहिलेली मी त्या काचेच्या भोपळ्याकडे असं बघत होते, जणू त्याने फितुरी केली होती.

"फ्यूज नाय ताई." पहिल्या रांगेतली ती मुलगी पंख्याकडून बल्बकडे वळली होती. "फ्यूज असता तर छोटाबी लागला नसता. वाट एकच हाय ना. मधीच तुटली तर दोघंबी बंद."

ते इतकं उघड होतं की मला टेबलाखाली जावंसं वाटलं.

"मग मोठा का लागत नाही?" जोडीदाराने विचारलं. त्याला बहुतेक उत्तर येत होतं, पण तो माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघत होता.

"छोटा अडवून धरतोय सगळं. त्याची तार बारीक असती. सगळा जोर तिथंच जातो, मोठ्याला उरतंच काय?"

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"आमचं मोटारी भरायचं, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं दुकान हाय. सिरीज बोर्डावर मीच बसते सुट्टीत." मग शेजारच्या पोराला समजावावं तशी ती बोलली, "बोर्डात बल्ब असतो, त्याच्या वाटेत मोटारीची वायंडिंग, म्हणजे ती गुंडाळलेली तार, घ्यायची. बल्ब मंद लागला तर वायंडिंग ठीक. फुल लागला तर शॉर्ट, म्हणजे वायंडिंग काई अडवतच नाय. लागलाच नाय तर तुटली."

मागची दोन-तीन पोरं नीट बघायला उभी राहिली.

मी खडू तिच्यापुढे धरला. "किती अडवतोय ते काढ."

ती बाकावरच मागे सरली. "ते गणित हाय. मला नाय येत."

"वॅट किती?"

"शंभर. पंधरा."

"व्होल्ट?"

"दोनशे तीस."

"व्होल्टला व्होल्टनं गुण, वॅटनं भाग. किती ओहम अडवतो ते येतं."

फळ्यावर सगळ्यांसमोर लिहायला ती तयार होईना. तिने फोल्डर मांडीवर ठेवला, वरचा कागद उलटा केला आणि त्याच्या पाठीवर गुणाकार मांडला. जोडीदार वाकून मोठ्याने वाचत होता. "बावन्न हजार नऊशे. भागिले शंभर, पाचशे एकोणतीस. भागिले पंधरा, साडेतीन हजारांच्या वर... बघ, मी म्हणत होतो!"

"तू काहीच म्हणत नव्हतास," मी म्हणाले.

दोनशे तीस व्होल्टची वाटणी त्याच प्रमाणात होणार. तिने खालीवर दोनदा तपासून आकडा सांगितला: मोठ्याला तीस, छोट्याला दोनशे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. मग जोडीदाराने काकांना बोलावून मोठ्या बल्बवर मीटर लावला.

मीटरने चार व्होल्ट दाखवले. तीस नाही, चार.

"बघा," ती हळू म्हणाली, "म्हणूनच तीन पडतात." तिने कागद फोल्डरमध्ये सरकवला आणि बॅग उचलली. तीन वाजून गेले होते. भाऊसाहेब आले असणार.

माझ्याकडे तेव्हा एकही घोषणा नव्हती. गणित म्हणजे भिंत, असं मीच पाऊण तास ओरडले होते, आणि आता ती त्या भिंतीपाशी उभी होती. मी एवढंच म्हणाले, "थांब. काका, सप्लाय बंद करा. आता तू मोठ्या बल्बला हात लाव."

काका म्हणाले, "बंद केलाय, लाव."

तिने काचेवर बोट टेकवलं. "गार हाय."

"आणि पाचशे एकोणतीस ओहम कुठल्या बल्बचे?"

तिने बॅग खाली ठेवली. "शंभर वॅटनं जळणाऱ्या. म्हणजे तापलेल्या." आणि ती एकदम भडकली, "अहो, मग आधी सांगायचं ना! तार तापली का ओहम वाढतात. बाबा गरम मोटारीचं माप घेतच नाईत, थंड होऊ देतात. गार बल्ब कमी अडवणार, त्याला कमीच मिळणार. माझा गुणाकार बरोबरच हाय!"

"गुणाकार बरोबर आहे. गार बल्बला तापलेल्याचा आकडा मी लावायला सांगितला."

"चूक तुमची हाय, ताई."

"व्हय," मी म्हणाले. मागच्या रांगेने यावर सगळ्यात मोठ्या टाळ्या वाजवल्या.

साडेतीनला ती तरीही ऑफिसकडे गेलीच. मी आणि जोडीदार मागे, पाणी प्यायला आल्यासारखे. भाऊसाहेबांनी फॉर्म घेतला, चष्मा लावला, 'कारण: चाचणीत तीन गुण' असं वाचलं, कागद उलटला.

"हे काय खरडलंय मागं?"

"बल्बाचं गणित."

"असा चालत नाही. नवा फॉर्म घ्या, पालकांची सही परत आणा."

तिने खिडकीतून हात पुढे केला. "नवा नको. तोच द्या इकडं," ती म्हणाली. "चाचणी झाल्यावर बघू."

"चाचणीत पुन्हा तीन पडले तर?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"तर नवा घेईन की. तुम्ही कुठं जाता?"

कागद घडी घालून तिने वहीत ठेवला आणि आमच्यासमोरून एसटी गाठायला निघून गेली. आमच्याकडे बघितलंही नाही.

त्या आठवड्यात मी दुसरं पत्रक काढलं. त्याच पिवळ्या कागदावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: 'आधीच्या पत्रकात "गणिताशिवाय सर्किट" असे छापले होते. ते चूक आहे. तसेच शंभरचा बल्ब फ्यूज नव्हता.' छापण्याआधी मजकूर तिला दाखवला. तिने वाचला, पेन मागितलं आणि शेवटी एक ओळ वाढवली: 'आकडा थंड का गरम, ते आधी विचारा.'

जोडीदाराने ते पत्रकही मुलांच्या स्वच्छतागृहात लावलं. तिथंच जास्त वाचतात, असं त्याचं म्हणणं होतं.