अमृतचा दुसरा अर्ज

मळवलीच्या बंगल्यांमध्ये अमृत केदारीला लोक 'मेन स्विच' म्हणायचे. दिवा लागत नाही म्हणून बोलावलं, की तो आधी सगळ्या मजल्याची वीज बंद करायचा, पेटीला स्वतःचं कुलूप लावायचा, किल्ली खिशात टाकायचा आणि मग शिडी मागायचा. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना हे अजिबात खपत नसे. पोहायच्या तलावावर गाणी चालू असायची, ती बंद पडायची. एकदा एका मालकीणबाईंनी विचारलंही, "अहो, दुसरा वायरमन येतो तो चालू करंटमध्येच करतो सगळं. तुम्हाला जमत नाही का?"

"जमतं," अमृत म्हणाला. "पण एकदाच."

बाईंना विनोद कळला नाही. पुढच्या वेळी त्यांनी दुसऱ्यालाच बोलावलं.

अमृत आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. तळेगावच्या बाजूला एका बिस्किटांच्या कारखान्यात त्यानं बरीच वर्षं देखभालीचं काम केलं होतं. तो कारखाना परराज्यात गेला, अमृत मळवलीतच राहिला. बायको अनिता एका बंगल्यावर स्वयंपाक करायची. घरचं भाताचं खाचर होतं, पोटापाण्याची ओढाताण नव्हती. पण गीझर आणि कारंजी दुरुस्त करून त्याचा जीव रमत नव्हता. त्याला यंत्रं हवी होती. म्हणून कामशेतच्या पुढं, टाकवे रस्त्यावरच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात पाळीसाठी मेंटेनन्स टेक्निशियन पाहिजेत असं कळलं, तेव्हा तो त्याच दिवशी कामशेतला हौशीरामभाऊच्या दुकानात गेला.

हौशीरामभाऊ स्टेशनजवळ झेरॉक्स काढायचा, आधारची दुरुस्ती करून द्यायचा, भाडेकरार लिहायचा आणि लग्नाचे बायोडाटे छापायचा. लग्नाचा बायोडाटा आणि नोकरीचा अर्ज यांत तो फारसा भेद करत नसे. सुस्वभावी, निर्व्यसनी, मनमिळाऊ आणि कष्टाळू हे चार शब्द दोन्हीकडे पडायचे. उंची आणि रास तेवढी नोकरीच्या अर्जातून काढून टाकायची. आजूबाजूच्या गावांतला प्रत्येक बेरोजगार त्यामुळे एकसारखाच मनमिळाऊ झाला होता.

"जाहिरातीत लिहिलंय, तुमी शोधलेल्या एका बिघाडाची माहिती द्या," अमृत म्हणाला. "कसा शोधला, काय काळजी घेतली, ते."

"सांग की मग."

अमृतनं सांगायला सुरुवात केली. कन्व्हेयर म्हणजे माल वाहून नेणारा पट्टा. त्याची मोटर सारखी ट्रिप व्हायची, म्हणजे आपोआप बंद पडायची. मग त्यानं ऑपरेटरला विचारलं, की कधी होतं, आधी काय बदललं... इथवर ऐकून हौशीरामभाऊनं हात वर केला.

"इचारलं बिचारलं नको लिहू. त्यांना वाटंल तुला येत न्हाई म्हनून इचारत बसतो. धाडस पायजे. थांब तू."

त्यानं चष्मा सरळ केला आणि धाडाधड टाइप केलं. छापील कागद हातात आला तेव्हा अमृतनं तो उभ्यानंच वाचला. त्यात लिहिलं होतं, की अर्जदारानं जिवाची पर्वा न करता, उत्पादन एक क्षणही न थांबवता, चालू पॅनेलमध्ये हात घालून बिघाड दूर केला आणि कंपनीचं मोठं नुकसान टाळलं. शेवटी छंद म्हणून क्रिकेट आणि वाचन.

"भाऊ, हे मी केलं न्हाई."

"अरे, त्या म्होरं बसलेल्या साहेबानं तरी केलंय का? दे सही."

अमृत भिडस्त माणूस. भाऊनं चहा मागवला होता. त्यानं सही केली.

चार दिवसांनी फोन आला. कारखान्याच्या मेंटेनन्स विभागाच्या प्रमुख अनघा मॅडम बोलत होत्या. आवाज शांत होता, त्यामुळे अमृतला जास्तच घाम फुटला.

"केदारी, तुमच्या अर्जात चालू पॅनेलमध्ये हात घातल्याचं लिहिलंय. हे खरं असेल तर येऊ नका. खोटं असेल तरी येऊ नका. दोन्हींपैकी काय आहे, एवढंच कळावं म्हणून फोन केला."

"खोटं हाय मॅडम. मी लिहिलेलं न्हाई, पन सही माझी हाय."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"कामशेतहून आलेल्या सगळ्या अर्जांत छंद क्रिकेट आणि वाचन आहे. सगळे निर्व्यसनी आहेत. एवढे सज्जन लोक मी एका ठिकाणी कधी पाहिले नाहीत. उद्यापर्यंत स्वतः लिहून पाठवता का? मराठीत चालेल. विशेषणं नकोत. काय दिसलं, काय तपासलं, कशामुळे काय वगळलं, एवढंच."

घरी आल्यावर अमृत कागद घेऊन बसला आणि एक ओळ लिहून थांबला : 'बेअरिंग खराब होतं, बदललं.' अनिता मेथी निवडत होती. तिनं ते वाचलं.

"अवं, झालं व्हय एवढ्यात? हे तर गॅरेजवाला बी सांगंल. तुमाला कसं कळलं बेअरिंग हाय म्हनून?"

"मोटर जास्त करंट खात होती."

"ते कसं कळलं?"

"मीटर लावला ना. तिन्ही तारांवर. तिन्हीकडं सारखाच जास्त होता. एखाद्या तारेवर गेलाच नसता, तर वीजपुरवठ्यात खोट असती. सारखा जास्त म्हंजी मोटरीवर ओझं जास्त."

"मग हेच लिहा की."

असं ती विचारत गेली आणि तो लिहीत गेला. ती 'का' विचारायची, तो आधी वैतागायचा, मग लिहायचा. आधीच्या पाळीतल्या लोकांनी रिलेचं, म्हणजे करंट वाढला की मोटर बंद पाडणाऱ्या यंत्रणेचं, सेटिंग वर चढवून ठेवलं होतं, म्हणजे मोटर तापली तरी लवकर ट्रिप होऊ नये. त्यानं ते मोटरीवरच्या पाटीवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहून परत जागेवर आणलं. मग सुपरवायझरला सांगून पट्टा थांबवला, वीज तोडली, स्विचला आपलं कुलूप आणि नावाची पाटी लावली. टेस्टर आधी वीज चालू असलेल्या दुसऱ्या जागी लावून पाहिला, मग मोटरीच्या जोडण्यांवर, मग पुन्हा चालू जागी.

"दोनदा कशाला?"

"टेस्टरच मदी मेला असला तर? मग तो काय बी न्हाई म्हनंल आन् मी हात घालंन."

अनितानं मेथी खाली ठेवली. "हे लिहा. हेच आधी लिहा."

पुढं त्यानं मोटर गिअरबॉक्सपासून सोडवून हातानं फिरवली. मोटर सहज फिरली, पट्ट्याच्या शेवटचा रोलर मात्र अडत होता. त्यात साखर आणि पिठाची भुकटी जाऊन बेअरिंग जाम झालं होतं. ते बदललं, झाकण बसवलं, माणसं बाजूला झाल्याची खात्री करून स्वतःचं कुलूप स्वतः काढलं, पट्टा चालवून करंट पुन्हा मोजला. तो पाटीवरच्या आकड्याच्या आत आला होता. आणि त्या रोलरची साफसफाई आठवड्याच्या कामांत घालायला लावली.

"आता छंद?" अनितानं विचारलं.

"न्हाई लिहायचा."

बोलावणं आलं. कारखान्यात एका टेबलामागे अनघा मॅडम आणि एच.आर.चे एक साहेब बसले होते. साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

"इथंच. पाळी बदलली तर दुसऱ्या पाळीत."

साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं. मॅडमनी हसू दाबलं आणि त्याला आत एका छोट्या पॅकिंग यंत्राजवळ नेलं. यंत्र सुरू होत नव्हतं. मुद्दाम तसं करून ठेवलेलं होतं.

"तुमच्या आधी तिघं येऊन गेले," त्या म्हणाल्या. "करा सुरू."

अमृतनं आधी ऑपरेटरला विचारलं, यंत्राभोवती एक चक्कर मारली, आपत्कालीन बटण दाबलेलं नाही ना ते पाहिलं. मग परवानगी घेऊन, हातमोजे घालून, नियंत्रणाच्या चोवीस व्होल्टच्या तारांवर मीटर लावला, पण एका टोकापासून नाही, मधोमध. तिथं वीज होती, म्हणजे अलीकडचं अर्धं ठीक. उरलेल्या अर्ध्याच्या पुन्हा मधोमध. तिथं नव्हती. असं करत तो जाळीच्या दरवाजाच्या स्विचपाशी पोचला; दरवाजा उघडा असला की हा स्विच यंत्र चालू देत नसे. त्याची तार सैल होती.

"आधीच्या तिघांनी इथवर येऊन तारेचा तुकडा जोडला आणि स्विच टाळून यंत्र चालू केलं," मॅडम म्हणाल्या. "चालू झाल्यावर माझ्याकडे बघून हसले. एकानं तर टाळीसाठी हात पुढं केला."

"म्हणजे चालू तर झालं ना?" एच.आर.च्या साहेबांनी निरागसपणे विचारलं.

"झालं. पण मग दरवाजा उघडा असला तरी चालतं. तशात आत हात घालाल का?"

साहेब दोन पावलं मागं सरकले.

अमृतनं वीज तोडली, कुलूप लावलं, टेस्टर दोनदा तपासला. मग जाळी उघडून हात आत नेला.

"थांबा," मॅडम एकदम म्हणाल्या. "वर बघा."

वर पुठ्ठा दाबणारा लोखंडी दट्ट्या हवेच्या दाबावर उचललेला होता. वीज गेली होती, हवा तशीच होती. बिस्किटांच्या कारखान्यात त्याच्या यंत्रांना हवा नव्हती. त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं हात मागं घेतला.

"हवा कुटून बंद करायची मॅडम? मला माहीत न्हाई. दाखवा."

त्यांनी झडप दाखवली. त्यानं हवा तोडली, झडपेलाही कुलूप घातलं, आत उरलेली हवा सोडून दिली. फुस्स झालं आणि दट्ट्या खाडकन खाली बसला. त्याच्या खाली, मघाशी, अमृतचं मनगट होतं. मग त्यानं तार घट्ट केली, दरवाजा उघडून-लावून स्विच तपासला आणि कुलपं काढून यंत्र सुरू केलं.

घरी जाताना त्याला वाटलं, गेली नोकरी. पण पत्र आलं. आधी सहा महिने हवेच्या यंत्रांचं शिक्षण, मग पाळी.

ही बातमी कामशेतला पोचायला वेळ लागला नाही. हौशीरामभाऊनं अमृतचा अर्ज 'नमुना क्रमांक दोन' म्हणून दुकानाच्या संगणकात साठवला. पुढच्या भरतीला मॅडमकडे जाम झालेल्या बेअरिंगचे डझनभर किस्से आले, सगळ्यांत साखर आणि पीठ. एका उमेदवाराला त्यांनी विचारलं, टेस्टर दोनदा का तपासला? तो म्हणाला, "मनमिळाऊ स्वभावामुळे."

शिक्षण संपल्यावर अमृतची पहिली पाळी दुपारची होती. काही तासांतच पॅकिंगचा पट्टा अडला आणि उत्पादनाचा सुपरवायझर धावत आला. ट्रक दारात उभा होता, पावसाळी धुक्यात त्याचे दिवे लुकलुकत होते.

"केदारी, लवकर कर. कुलूपबिलूप नंतर. ट्रक थांबलाय."

अमृतनं वीज तोडली. हवा तोडली. दोन्हीकडं कुलूप लावून पाट्या अडकवल्या.

"अरे, किती वेळ लागेल?"

"ते आत काय हाय ते बघितल्यावर सांगतो," अमृत म्हणाला. "तुमी तवर ड्रायव्हरला चहा पाजा."

सुपरवायझर पुटपुटत चहाकडे गेला. अमृत गुडघ्यावर बसला आणि टॉर्च लावून आधी नुसतं पाहू लागला.